मसुदा बदलला, टू-सीसी मात्र जुनेच: गजबजलेल्या ट्रेलमध्ये उत्तर पुन्हा लिहिताना कोणाला ठेवायचं?

अर्धविराम (धागाकर्ती)

आमच्या संस्थेची वार्षिक पुस्तिका छपाईला जायची आहे. त्यावर दोन दिवसांत सव्वीस मेल झालेत, म्हणून इथे विचारतेय.

मंगळवारी सकाळी व्यवस्थापकांनी सगळ्यांना विचारलं, "मजकूर कधी पूर्ण होणार?" मी रिप्लाय ऑल दाबलं, "गुरुवारी देते" असं काहीतरी अर्धं लिहिलं आणि मीटिंगला गेले. तीन वाजता परत येऊन बघते तर ट्रेलला फाटे फुटलेले. मांडणी करणारी म्हणते की 48 पानांत मावत नाही, 52 करू. हिशेबवाल्यांनी एका फाट्यावर दोन छापखान्यांच्या दरांची तुलना टाकलीय. आणि मांडणीवालीने तिच्या फाट्यावर त्यातल्याच एका छापखान्याला सीसीत घेऊन विचारलंय, 52 चालतील का? त्यांचं उत्तरही आलंय: 16 च्या पटीत असलेलं बरं, 52 म्हणजे चार पानांचा वेगळा तुकडा छापून जोडावा लागेल.

पानांचा निर्णय माझ्याकडे आहे, 48 च ठेवायची. म्हणून तोच अर्धा मसुदा उघडून नव्याने लिहिला. आता त्यात एका लेखिकेला दोन पानं कापायला सांगितलंय, मांडणीवालीला थांबायला सांगितलंय आणि छापखान्याला फाइलचा दिवस कळवलाय. पाठवणार तेवढ्यात वरच्या पट्टीकडे लक्ष गेलं. नावं सकाळचीच! छापखाना त्यात नाही, आणि ज्यांचा याच्याशी काही संबंध उरलेला नाही असे तिघे आहेत.

ताज्या मेलवर रिप्लाय ऑल करून मजकूर तिकडे चिकटवला तर छापखाना येतो, पण मग छायाचित्रकार गायब होतो. तो कधी गळला तेच मला कळलेलं नाही. तुम्ही लोक हे कसं ठरवता? मेल अजून मसुद्यातच आहे.

---

कडेकोट

सोपं आहे. टूमध्ये एकच माणूस ठेवायचा, बाकी सगळे सीसी. दोन नावं टूमध्ये दिसली की दोघंही समजतात दुसरा करेल. मी दहा वर्षं हेच करतोय.

---

निवांत_नाना

जीमेलमध्ये रिप्लाय ऑल हाच डिफॉल्ट ठेवता येतो. सेटिंग्जच्या जनरल भागात Default reply behavior म्हणून आहे, तिथे Reply all निवडा. मग कोणी सुटणारच नाही.

---

अर्धविराम

नाना, माझी अडचण उलटी आहे हो. कोणी सुटू नये एवढंच नाहीये, कोणाला सोडायचं तेही ठरवायचंय.

---

जुना_टपालवाला

आधी छायाचित्रकार कसा गळला ते सांगतो, कारण बाकीचं त्यातूनच निघतं.

रिप्लाय ऑलला ट्रेलशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही ज्या एका मेलवर उभ्या राहून ते बटण दाबता, त्या मेलच्या पाठवणाऱ्याचं, टूचं आणि सीसीचं नाव तेवढं ते उचलतं. पडद्यावर सव्वीस मेल एकाखाली एक रचलेले दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की हा एक गट आहे आणि त्याची एक यादी आहे. तशी यादी कुठेच नसते. प्रत्येक मेलची यादी स्वतंत्र. मधे कोणीतरी साधा रिप्लाय करून दोन नावं हाताने जोडली, त्यावर पुढच्याने रिप्लाय ऑल केलं, की तो फाटा त्या चौघांचाच झाला. छायाचित्रकार असाच कुठेतरी राहून गेला असणार. त्याला कोणी काढलं नाही, फक्त कोणी उचललं नाही.

तुमच्या मसुद्याचंही तेच. त्याच्यावरची नावं मंगळवारी सकाळी साडेदहाच्या मेलची आहेत. तुम्ही आत मजकूर कितीही वेळा बदला, वरची पट्टी त्या क्षणालाच गोठलेली राहणार. आउटलुकमध्ये कधी कधी वर एक पट्टी येते की तुम्ही या संभाषणातल्या शेवटच्या मेलला उत्तर देत नाही आहात. बहुतेक लोक ती वाचत नाहीत. आणि वाचली तरी ती एवढंच सांगते की नवीन मेल आलाय. त्यात माणसं बदललीत का, ते आपणच बघायचं.

म्हणून माझी सवय अशी: उत्तर नव्याने लिहायला घेतलं की पहिल्यांदा टू आणि सीसी रिकामे करतो. पत्ते नसले की चुकून सेंड दाबलं तरी मेल जात नाही, हा एक फायदा. मजकूर पूर्ण झाला की मग एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारतो, हे वाक्य वाचून कोणी काही करायचंय का? तो टूमध्ये. करायचं काही नाही, पण हे कळलं नाही तर उद्या त्याचं काम चुकेल? तो सीसीत. दोन्ही नाही, तर नाव घालत नाही, मग तो सकाळपासून ट्रेलमध्ये असला तरी.

---

कडेकोट

म्हणजे मी म्हणालो तेच की. टूमध्ये काम करणारा.

---

जुना_टपालवाला

अर्धं तेच. पण "एकच" हा नियम इथे कोसळतो. लेखिकेने कापायचंय आणि मांडणीवालीने थांबायचंय, दोन माणसं, दोन कामं. एकीला सीसीत ढकललं तर तिला वाटेल आपल्याला फक्त माहितीसाठी कळवलंय. दुसरा करेल ही भीती खरी आहे, पण ती टूमधल्या नावांच्या संख्येमुळे येत नाही. मजकुरात कोणाचं काम कोणतं ते नावानिशी लिहिलेलं नसतं म्हणून येते. "कृपया पानं कमी करावीत" असं हवेत सोडलं तर टूमध्ये एकच नाव असूनही माणूस विचारतो, मी का?

---

पुनश्च

सीसी म्हणजे काय याबद्दल एक भर. मेलचा साचा ठरवणारा जो दस्तऐवज आहे (RFC 5322, 2008 चा), त्यात सीसीचा अर्थ साधारण असा दिलाय की या लोकांना मेल मिळावा, पण मजकूर त्यांना उद्देशून असेलच असं नाही. तांत्रिकदृष्ट्या मात्र टू आणि सीसी दोघांनाही मेल सारखाच पोचतो. फरक आपण मानतो म्हणून आहे.

आणि लोक तो मानतात. आमच्याकडे बऱ्याच जणांनी आउटलुकमध्ये नियम लावलाय: माझं नाव सीसीत असेल तर मेल थेट वेगळ्या फोल्डरमध्ये. तो फोल्डर ते शुक्रवारी उघडतात. मी एकदा एकाला सीसीत ठेवून मजकुरात "आज संध्याकाळपर्यंत कळवा" असं लिहिलं होतं. कळवलं त्याने, सोमवारी.

---

खिडकीपाशी

माझा अनुभव सांगते, थोडा विषयांतर वाटेल. आमच्याकडे साहेबांना सीसीत ठेवलं नाही तर "मला अंधारात का ठेवलं" आणि ठेवलं तर "माझ्या इनबॉक्सचा उकिरडा का केला". मी हल्ली सगळ्यांना सीसीत ठेवते आणि गप्प बसते. उकिरड्याबद्दलची बोलणी परवडतात, अंधाराबद्दलची नाही.

---

अर्धविराम

@जुना_टपालवाला, तुम्ही सांगितलं तसं पत्ते पुसून एकेक वाक्य धरलं. माझ्या मेलमध्ये पाच गोष्टी आहेत:

पुस्तिका 48 पानांचीच राहील. दुसऱ्या लेखिकेने तिचा लेख सहा पानांवरून चारवर आणायचा, बुधवारी संध्याकाळपर्यंत. मधल्या दोन पानांवरचं जोडछायाचित्र काढायचं. मांडणी गुरुवारी दुपारपर्यंत थांबवायची. अंतिम फाइल शुक्रवारी छापखान्याकडे.

टूमध्ये लेखिका आणि मांडणीवाली. सीसीत व्यवस्थापक, पहिली लेखिका, हिशेब, छायाचित्रकार, छापखाना. बरोबर?

---

जुना_टपालवाला

छापखान्यापाशी थांबा. शेवटचं वाक्य आणि पानांचा आकडा सोडला तर त्यांच्या कामाचं यात काय आहे? लेखिकेचा लेख किती लांबला हे बाहेरच्या माणसाने कशाला वाचावं? आणि त्याहून मोठी गोष्ट, मेलच्या तळाशी काय काय चिकटून जातंय ते बघितलंत का? तुम्ही दरांच्या तुलनेच्या फाट्यावरून उत्तर दिलं आणि त्यात छापखान्याचं नाव घातलं, तर दुसऱ्याचा दर त्यांच्या हातात गेलाच म्हणून समजा. नवं नाव जोडताना त्या माणसाला फक्त तुमच्या पाच ओळी जात नाहीत, खालचं सगळं शेपूट जातं. जीमेलमध्ये तर ते तीन टिंबांमागे मिटलेलं असतं, दिसतच नाही.

एकाच मेलमधली काही वाक्यं एखाद्याने वाचू नयेत असं वाटलं, तर नावांचा घोळ घालत बसू नका. ते दोन मेल आहेत असं समजा आणि फोडा.

---

कडेकोट

फोडायचं कशाला? छापखान्याला बीसीसीत टाका. कोणाला दिसणार नाही, त्यांनाही कळेल.

---

पुनश्च

बीसीसीने छापखान्याचं नाव इतरांपासून लपेल. छापखान्यापासून मजकूर थोडाच लपणार? त्यांना शेपटासकट सगळं दिसेल. तुम्ही नेमकं उलट्या बाजूचं दार लावताय.

शिवाय बीसीसीतल्या माणसाने रिप्लाय ऑल दाबलं की त्याचं उत्तर टू-सीसीतल्या सगळ्यांकडे जातं आणि तो चोरून वाचत होता हे उघड होतं. बिचाऱ्याला आपण बीसीसीत आहोत हे बहुधा लक्षातही आलेलं नसतं. आमच्याकडे एकाने असंच "बरं झालं मला दाखवलंत" असं सगळ्यांना लिहून पाठवलं होतं. त्यानंतर महिनाभर त्या दोन टेबलांमध्ये बोलणं बंद.

बीसीसीचा एक प्रामाणिक उपयोग आहे. ट्रेलमधून कोणाला मोकळं करायचं असेल तर त्यांना सीसीतून बीसीसीत हलवायचं आणि मेलच्या पहिल्याच ओळीत उघड लिहायचं, "हिशेब विभागाला बीसीसीत हलवतेय, यापुढचं फक्त मांडणीबद्दल आहे." त्यांना हा शेवटचा मेल मिळतो, आणि यावर जे रिप्लाय ऑल होतील त्यातून ते आपोआप सुटतात. गुपचूप काढलं असं कोणाला वाटत नाही.

---

कडेकोट

हे माहीत नव्हतं. म्हणजे बीसीसीतला माणूस पुढच्या रिप्लाय ऑलमध्ये येतच नाही? मला वाटायचं येतो, फक्त दिसत नाही.

---

पुनश्च

नाही येत. उत्तर देणाऱ्याच्या मेलमध्ये तो पत्ताच नसतो, मग उचलणार कुठून?

---

सुरपारंब्या

2016 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत काय झालं वाचलंय का कोणी? एक चाचणी मेल चुकून आठ लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांना गेला, आणि लोक रिप्लाय ऑल करून "मला यादीतून काढा" असं लिहायला लागले. सगळी मेलव्यवस्था रखडली. रिप्लाय ऑल बंदच करायला हवं खरं तर.

---

जुना_टपालवाला

तो किस्सा गट-पत्त्याचा आहे. एक पत्ता, आणि त्याच्या पोटात किती माणसं हे पाठवणाऱ्याला दिसत नाही. अर्धविरामबाईंच्या ट्रेलमध्ये आठ-नऊच नावं आहेत, तिथे ती भीती नाही. एवढं मात्र बघा, सीसीत "संपादन" किंवा "कार्यालय" असा एखादा गट आहे का? असला तर तुम्ही एक नाव काढूनही तो माणूस गटातून आत असू शकतो. काढलं असं तुम्हाला वाटतं आणि त्याचं उत्तर येतं.

---

मृगजळ७

मला एक विचारायचंय. 52 मधून चार पानं गेली, त्यातली दोन लेखिकेची आणि दोन छायाचित्राची. लेखिका टूमध्ये आहे. मग छायाचित्रकार सीसीत का? त्याचीही तेवढीच पानं गेली ना? त्याला काहीच करायचं नाहीये का?

---

अर्धविराम

अगं बाई. खरंच की. त्याला करायचंय. जोडछायाचित्र काढलं तर त्याऐवजी मजकुराच्याच एखाद्या पानात मावणारा एक उभा फोटो त्यानेच निवडून द्यायचा आहे. मी ते वाक्यच लिहिलं नव्हतं. "काढायचं" असं लिहून मोकळी झाले, कोणी काढायचं आणि पुढे काय, काहीच नाही.

---

मृगजळ७

मला तेच खटकलं. "काढायचं", "थांबवायची", "जाईल" असली वाक्यं दिसली की समजावं, यात माणूस नाहीये. माणूस नसलेल्या वाक्याला टू सापडत नाही, मग आपण अंदाजाने सगळ्यांना सीसीत भरतो.

आणि एक. त्याचा फोटो गेला हे त्याला सहा जणांसमोर मेलमध्ये कळावं का? सकाळपासून तो कोणत्याच फाट्यावर नाहीये, त्याला 48-52 चा वादच ठाऊक नाही. मी असते तर आधी फोन केला असता.

---

जुना_टपालवाला

मान्य. आणि हे माझ्या नियमात बसत नाही, तरी मान्य. टू-सीसी ठरवताना मी कामाचाच विचार करतो, समोरच्याला ते चारचौघांत वाचून कसं वाटेल हे माझ्याकडून नेहमी राहून जातं. बायको म्हणतेच तसं.

---

अर्धविराम

फोन झाला. तो म्हणाला, जोडछायाचित्राचं वाईट वाटलं, पण उभ्या फोटोंतले दोन चांगले आहेत, उद्या सकाळी देतो. मग मेल असा फोडला:

```
मेल १ (मंगळवारच्या मूळ मेलवर उत्तर)
To:  दुसरी लेखिका, मांडणी, छायाचित्रकार
Cc:  व्यवस्थापक, पहिली लेखिका
Bcc: हिशेब

मेल २ (छापखान्याच्या उत्तरावर)
To:  छापखाना
Cc:  मांडणी
```

पहिल्याची सुरुवात अशी: "छायाचित्रकारांना परत जोडलंय, मधल्या काही मेलमध्ये त्यांचं नाव राहून गेलं होतं. हिशेब विभागाला बीसीसीत हलवतेय. पानं 48 च राहिल्याने आधीच्या हिशेबात बदल नाही." त्याखाली तिघांना नावानिशी एकेक ओळ.

मुद्दाम मूळ मेलवर उत्तर दिलं, म्हणजे शेपटात फक्त व्यवस्थापकांचा प्रश्न जाईल, दरांची तुलना नाही. पहिल्या लेखिकेला ठेवलं कारण तिचा लेख कापलेल्या लेखानंतर लगेच येतो, तिचे पानक्रमांक सरकतील.

दुसऱ्यात दोनच ओळी: 48 पानं नक्की, फाइल शुक्रवारी. मांडणीवालीला सीसीत ठेवलं कारण त्यांना विचारणारी तीच होती, आता तिला परत विचारावं लागू नये.

---

खिडकीपाशी

दुसऱ्या मेलमध्ये व्यवस्थापक नाहीत? धाडस आहे तुमचं.

---

अर्धविराम

पहिल्या मेलमध्ये शुक्रवारचा उल्लेख आहेच, मग तेच परत कशाला?

---

खिडकीपाशी

कारण छापखाना त्यांनाच फोन करेल. आमच्याकडे बाहेरच्या कोणालाही काहीही लिहिलं की साहेब सीसीत, हा अलिखित नियम आहे. मजकुराशी संबंध असो नसो. बाहेरच्याला कळावं की हे वरच्यांना माहीत आहे, एवढ्यासाठी.

---

कडेकोट

यावर मी खिडकीपाशी यांच्या बाजूने. बाहेरच्या मेलमध्ये साहेबांचं नाव शिक्क्यासारखं असतं.

---

जुना_टपालवाला

मला तो शिक्का पटत नाही. एकदा नाव दिसलं की छापखाना पुढचा प्रत्येक प्रश्न रिप्लाय ऑलने विचारणार, कागदाच्या जाडीसकट, आणि तुमच्या व्यवस्थापकांना त्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं की नाही हा विचार करत बसावं लागणार. पण ज्या कार्यालयात तशी पद्धत आहे तिथे एकटीने ती मोडून वाईटपणा घ्यावा असंही मी म्हणणार नाही.

---

पुनश्च

मधला मार्ग: छापखान्याला गेलेला मेल व्यवस्थापकांना नंतर एका ओळीसह फॉरवर्ड करणे. त्यांना कळतं, पण छापखान्याला त्यांचा पत्ता त्या मेलमध्ये मिळत नाही. मी बहुतेक वेळा असं करतो. एक मेल वाढतो हे खरं.

---

निवांत_नाना

मला वाटतं जीमेलच्या सेटिंग्जमध्ये यालाही काहीतरी असेल. बघून सांगतो.

---

अर्धविराम

नाना 🙂 तुमच्यासाठी एक सेटिंग मीच शोधलं. त्याच जनरल भागात Undo Send आहे, ते मी पाच सेकंदांवरून तीसवर नेलं. आज पहिला मेल पाठवल्यावर अठराव्या सेकंदाला परत खेचला. बीसीसीत हिशेबऐवजी ऑटोफिलने छापखान्याचा पत्ता भरला होता, दोन्ही पत्त्यांची सुरुवात "accounts" अशीच आहे.

दुसरा मेल अजून पाठवलेला नाही. व्यवस्थापक जागेवर आहेत, जाऊन विचारते की तुम्हाला सीसीत राहायचंय का.

---

खिडकीपाशी

काय म्हणाले ते इथे लिहा नक्की.